‘ताई, प्राइस?’ : बुटीकच्या हायलाइट्सची मांडणी

सांगलीत विश्रामबागेत माझ्या वहिनींचं छोटं बुटीक आहे. खणाचे तयार ब्लाउज, मापाने शिवलेले ब्लाउज आणि शिवलेली नऊवारी, एवढाच माल. निम्मी विक्री इन्स्टाग्रामवरून होते. गेल्या श्रावणात त्यांचा फोन माझ्या हातात आला तेव्हा प्रोफाइलवर चौदा गोल दिसत होते : ‘दिवाळी 23’, ‘पैठणी लव्ह’, ‘न्यू’, ‘न्यू 2’, ‘गणपती’, ‘शूट’ आणि असेच आणखी आठ. चौदातल्या एकाही गोलात ब्लाउजची शिलाई किती, हे नव्हतं. खाली डीएममध्ये मात्र रोज तोच धोशा : ‘ताई, प्राइस?’

स्टोरी चोवीस तासांनी जाते आणि हायलाइटमध्ये घातलेली राहते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून आवडलेल्या स्टोऱ्या ठेवत जायची सवय लागते आणि हायलाइट्सचा आल्बम होतो. गिऱ्हाईक आल्बम बघायला आलेलं नसतं. त्याला उत्तर हवं असतं. तेव्हा हायलाइट्सच्या वाट्या मालाच्या किंवा सणांच्या न करता प्रश्नांच्या करायच्या. मिसळणाच्या डब्यात जशी हळदीची वाटी न बघता हाताला लागते, तसं झालं पाहिजे. हे काम आम्ही आठवड्याभरात कसं केलं, ते पायरीपायरीने सांगते.

काय लागेल

बुटीकचा फोन, एक वही, भिंतीशी दिवसा उजेड असलेली जागा, मापाची टेप आणि नीट बसणारा एक ब्लाउज. सुरुवातीला एक गोष्ट तपासा. सेटिंगमध्ये `Save story to archive` चालू हवं. ते बंद असेल तर चोवीस तासांनंतर स्टोरी संग्रहात सापडत नाही आणि हायलाइटमध्ये घालायला हाती काही उरत नाही.

पायरी 1 : शंभर प्रश्न मोजा

डीएम उघडा आणि मागे जात शंभर वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न वहीत लिहा. पहिलाच, कारण प्रोफाइल बघूनही जे कळलं नाही तेच माणूस आधी विचारतं. शब्द जसेच्या तसे उतरवा. पुढे नावं ठेवताना तेच शब्द उपयोगी पडतात.

आमची वही अशी भरली : किंमत 31, ‘हे आहे का अजून?’ किंवा साइझ 22, माप कसं पाठवू 17, किती दिवसांत मिळेल 14, बसला नाही तर काय 7, दुकान कुठे 6, इतर 3.

वहिनींना वाटत होतं, लोक डिझाइनबद्दल जास्त विचारतात. डिझाइनचे प्रश्न ‘इतर’मध्ये होते. अंदाजावर वाट्या केल्या असत्या तर सहा वाट्या डिझाइनच्याच झाल्या असत्या.

पायरी 2 : कोणता प्रश्न वाटीत मावतो, ते ठरवा

किमतीचे 31 प्रश्न पुन्हा वाचले तेव्हा त्यात तीन निरनिराळे प्रश्न निघाले. काहींना एका विशिष्ट फोटोतल्या तयार ब्लाउजची किंमत हवी होती. काहींना आपलं कापड दिलं तर शिलाई किती, हे हवं होतं. उरलेल्यांना कुरिअर धरून एकूण किती पडेल, हे हवं होतं.

पहिल्याचं उत्तर हायलाइटमध्ये देता येत नाही. ते त्या पोस्टच्या मजकुरातच, पहिल्या ओळीत लिहायचं. दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर महिनोन् महिने तेच राहतं, म्हणून ते वाटीत जातं. ‘किमतीसाठी डीएम करा’ असं लिहिण्याची पद्धत इथेच सोडून द्या. नियमित धंदा म्हणून ऑनलाइन विकणाऱ्याने एकूण किंमत आणि माल परत घेण्याच्या अटी आधीच सांगाव्यात, अशी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 यांचीही अपेक्षा आहे.

वहीत न आलेला एक प्रश्न मात्र आम्ही मुद्दाम धरला. ‘पैसे पाठवल्यावर पार्सल खरंच येईल ना?’ हे कोणी तोंडाने विचारत नाही, विचारायचा संकोच वाटतो आणि माणूस निघून जातं. त्याची सातवी वाटी केली. मिसळणाच्या डब्यातही वाट्या सहसा सातच असतात.

पायरी 3 : नावं ठेवा

गोलाखाली साधारण दहा-अकरा अक्षरं दिसतात, पुढचं तुटतं. देवनागरीत काना, वेलांटी, अनुस्वार ही वेगवेगळी अक्षरं म्हणून मोजली जातात. ‘किंमत’ आपल्याला तीन अक्षरांचं वाटलं तरी फोन त्याचे पाच मोजतो. म्हणून शब्द एकच आणि तोही छोटा.

आमची नावं : शिल्लक, किंमत, माप, दिवस, बदल, मिळालं, पत्ता.

‘माहिती’ किंवा ‘इतर’ अशी वाटी करू नका. तिच्यात काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही आणि ती कोणी उघडत नाही. गिऱ्हाईक परप्रांतातलं जास्त असेल तर त्याला समजेल त्या भाषेत नाव ठेवा, पण सगळी नावं एकाच भाषेत हवीत.

पायरी 4 : आतले चौकोन वहीत लिहून काढा

फोन बाजूला ठेवा. वहीत प्रत्येक वाटीसाठी चार ते सात चौकोन आखा. एक चौकोन म्हणजे एक स्टोरी, आणि एका स्टोरीत एकच गोष्ट. फोटोची स्टोरी पाच-सहा सेकंदच थांबते. बोट दाबून ती थांबवता येते, पण हे निम्म्या गिऱ्हाइकांना माहीत नसतं. तेवढ्या वेळात वाचून होईल एवढाच मजकूर घाला, म्हणजे साधारण वीस शब्द.

सगळ्यात महत्त्वाची अडचण इथे येते आणि ती बहुतेकांना काम संपल्यावर कळते. हायलाइटच्या आत स्टोऱ्या टाकल्या त्याच क्रमाने दिसतात, जुनी आधी आणि नवी शेवटी. मधली स्टोरी काढता येते, पण तिच्या जागी नवी बसवता येत नाही. नवी शेवटालाच जाते. त्यामुळे जे कधी बदलणार नाही ते पहिलं लिहायचं आणि जे बदलतं ते शेवटी ठेवायचं.

‘किंमत’ची वाटी आम्ही अशी आखली. पहिल्या चौकोनात शिलाईत काय येतं : अस्तर, हुक आणि आतली शिवण. दुसऱ्यात काय येत नाही : पॅड, लटकन, साडीचा फॉल-पिको. या दोन चौकोनांना वर्षभर हात लागत नाही. तिसऱ्यात ब्लाउजचे दर : साधा अस्तराचा 550 रुपये, प्रिन्सेस कट 750, आरी वर्क 1,800 पासून पुढे. चौथ्यात आपली साडी दिल्यास शिवलेल्या नऊवारीचे दर. पाचव्यात कुरिअर. दराच्या प्रत्येक चौकोनावर खाली बारीक अक्षरांत महिना आणि वर्ष टाकलं. ते नसलं की लोक ‘हाच रेट आहे का अजून?’ असं विचारतात आणि उत्तर देण्याचं काम पुन्हा आपल्याकडे येतं.

दिवाळीच्या आधी आरीचा दर वाढला तेव्हा तिसरा, चौथा आणि पाचवा चौकोन पुन्हा टाकावे लागले आणि जुने तीन काढले. पहिले दोन जागेवर राहिले. दर पहिल्या चौकोनात असते तर सगळी वाटी नव्याने भरावी लागली असती.

‘दिवस’च्या वाटीतही हाच हिशेब. नुसतं ‘आठ ते दहा दिवस’ लिहिलं की गिऱ्हाईक पहिल्या ‘हाय’पासून दिवस मोजतं. म्हणून पहिल्या चौकोनात दिवस कधीपासून मोजायचे ते लिहिलं : माप आणि आगाऊ रक्कम, दोन्ही मिळाल्यापासून. दुसऱ्यात शिवायला किती दिवस, तिसऱ्यात कुरिअरला आणखी किती. ‘दिवाळीसाठी शेवटची ऑर्डर अमुक तारखेपर्यंत’ हा चौकोन सगळ्यात शेवटी, कारण तो दिवाळी झाली की उचलायचा असतो.

पायरी 5 : एक वाटी पूर्ण भरून बघा, ‘माप’

सगळ्यांत अवघड वाटी मापाची. चूक झाली तर कापड वाया जातं, म्हणून ही सावकाश केली. तिचे सहा चौकोन असे :

1. ‘माप दोन प्रकारे देता येतं : अंगावरून किंवा नीट बसणाऱ्या ब्लाउजवरून. आम्हाला ब्लाउजवरचं हवं.’ सोबत ब्लाउजचा फोटो.

2. ब्लाउज टेबलावर सपाट, हुक लावलेले. टेप एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत. ‘हे 18 आलं तर छाती 36 लिहा.’

3. उंची : खांद्याच्या शिवणीपासून खालच्या काठापर्यंत.

4. बाही : लांबी आणि बाहीच्या काठाचा घेर.

5. गळा : पुढचा आणि मागचा, दोन्ही खांद्याच्या शिवणीपासून सरळ खाली किती इंच.

6. ‘असं लिहून पाठवा : ब्लाउजवरचं माप. छाती 36, उंची 14, बाही 10, घेर 12, पुढचा गळा 7, मागचा गळा 9.’

पहिला चौकोन एका फजितीतून आला. पुण्याच्या एका ताईंनी ‘छाती 36’ असं पाठवलं आणि वहिनींनी ते ब्लाउजचं माप समजून शिवलं. त्या ताईंनी टेप अंगावर लावली होती. अंगाच्या मापाला ब्लाउज बेतायचा म्हणजे वर दीड-दोन इंचांची सैल द्यावी लागते. ती न दिल्यामुळे ब्लाउज हुकांवर ओढला गेला. दोन्ही बाजूंना आत एकेक इंच कापड सोडलेलं होतं, म्हणून उसवून सैल करता आला. पार्सलची जा-ये मात्र आमच्या खर्चाने झाली. त्यानंतर ‘अंगावरचं की ब्लाउजचं?’ हा प्रश्न सगळ्यांच्या आधी येतो.

दुसऱ्या चौकोनातलं उदाहरणही असंच हवं. नुसतं ‘दुप्पट करा’ म्हटलं तर कोणी 18 पाठवतं, कोणी 36 आणि कोणी दुप्पट केल्यावर पुन्हा दुप्पट. आकडा लिहून दाखवला की घोटाळा होत नाही.

सहाव्या चौकोनातला मजकूर गिऱ्हाइकाला स्टोरीवरून उचलून घेता येत नाही. म्हणून त्याखाली एक ओळ घातली : ‘नमुना हवा असेल तर डीएममध्ये “माप” लिहा.’ बिझनेस खात्यात `Saved replies` ची सोय असते. तिथे हा नमुना साठवून ठेवला की वहिनी एका टिचकीत पाठवतात आणि समोरची बाई फक्त आकडे बदलते.

फोटो काढताना चौकोनाचा वरचा आणि खालचा साधारण सातवा हिस्सा मोकळा सोडा. वर बुटीकचं नाव येतं आणि खाली उत्तर लिहायची पट्टी. पहिल्यांदा आमचा टेपेवरचा आकडाच त्या पट्टीखाली गेला होता.

पायरी 6 : टाका, पण एकदम नको

सात वाट्यांच्या मिळून तीसेक स्टोऱ्या होतात. त्या एका संध्याकाळी टाकल्या तर रोजचं गिऱ्हाईक कंटाळून तुम्हाला म्यूट करतं. रोज एक वाटी घ्या. वहीतल्या क्रमाने पहिला चौकोन आधी, मग दुसरा, असे ओळीने टाका. आधीचा दिसायला लागल्याशिवाय पुढचा टाकू नका. नेट मंद असलं की मागचा पुढे जातो आणि मग तो क्रम सुधारता येत नाही.

लोकांना त्रास नको म्हणून काही जण या स्टोऱ्या `Close Friends` मध्ये टाकतात. तसं केलं तर हायलाइटही फक्त त्याच यादीतल्यांना दिसतं आणि नव्या गिऱ्हाइकाला त्यातलं काहीच दिसत नाही. आपल्याला आपल्या फोनवर सगळं ठीक दिसत असल्यामुळे ही चूक लवकर लक्षातही येत नाही. दुसरी चूक म्हणजे हायलाइटमध्ये घातल्यावर मूळ स्टोरी चोवीस तासांच्या आत डिलीट करणं. ती डिलीट केली की हायलाइटमधूनही जाते. तिला आपोआप संपू द्या.

स्टोऱ्या टाकून झाल्या की प्रोफाइलवर बायोखालच्या `New` या गोलावर टिचकी मारा. त्या वाटीच्या स्टोऱ्या निवडा, नाव लिहा, `Edit cover` मधून चित्र निवडा. चित्रासाठी एकच रंग सगळीकडे आणि मधोमध एक वस्तू ठेवा : मापाला टेप, दिवसांना कॅलेंडर, पत्त्याला दुकानाचं दार. गोल इतका लहान असतो की त्यात अक्षरं लिहिली तर वाचता येत नाहीत, आणि नाव खाली असतंच.

पायरी 7 : रांग लावा

फोनच्या पडद्यावर एका वेळी चारेक गोल पूर्ण दिसतात, पुढचे सरकवावे लागतात. म्हणून वहीत ज्यांचे प्रश्न सगळ्यांत जास्त, त्या चार वाट्या पुढे : शिल्लक, किंमत, माप, दिवस. ‘पत्ता’ शेवटी चालतो, कारण तो बायोतही आहे.

ज्या हायलाइटमध्ये शेवटची भर पडली ते डावीकडे पहिलं येतं. त्यामुळे वाट्या उलट्या क्रमाने बनवा : आधी ‘पत्ता’, मग ‘मिळालं’, आणि ‘शिल्लक’ सगळ्यात शेवटी. तुमच्या अॅपमध्ये गोल मागेपुढे सरकवण्याची सोय आली असेल तर तीच वापरा. नसेल तर जी वाटी पुढे आणायची तिच्यावर बोट दाबून `Edit highlight` मध्ये जा, संग्रहातली कोणतीही एक स्टोरी तिच्यात घाला, `Done` करा आणि नंतर ती स्टोरी काढून टाका.

‘शिल्लक’ पहिली ठेवण्यात एक सोय आहे. ती रोज बदलते, म्हणून रोज आपोआप पुढेच राहते. सकाळी तयार ब्लाउजांचे फोटो साइझसह स्टोरीवर जातात आणि वाटीत पडतात, विकला गेलेला त्याच संध्याकाळी वाटीतून उचलला जातो. विकलेला ब्लाउज वाटीत राहू दिला की ‘हे आहे का अजून?’ हा प्रश्न पुन्हा सुरू होतो. रोज उचलणं जमणार नसेल तर ही वाटी करूच नका.

‘मिळालं’मध्ये गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो जातात. ते टाकण्याआधी ‘तुमचा फोटो लावू का?’ असं विचारा आणि पार्सलवरचा पत्ता, फोन नंबर झाका. नुसत्या कौतुकाच्या निरोपांपेक्षा ‘मंगळवारी निघालं, शुक्रवारी मिळालं’ असा निरोप जास्त उपयोगाचा ठरतो.

जुने चौदा गोल काढताना वहिनींचा जीव खालीवर होत होता. हायलाइट काढलं तरी संग्रह चालू असताना टाकलेल्या स्टोऱ्या संग्रहात राहतात, हे दाखवल्यावर त्यांनी स्वतःच बोट दाबलं.

पायरी 8 : परक्या माणसाच्या हातात फोन द्या

आपल्याला आपली वाटी कुठे आहे ते पाठ असतं, म्हणून आपली परीक्षा खरी नसते. आम्ही शेजारच्या काकूंना फोन दिला आणि तीन प्रश्न विचारले : प्रिन्सेस कटची शिलाई किती? ब्लाउज घट्ट झाला तर काय? येत्या पंधरा दिवसांत मिळेल का? बोट कुठे जातं, एवढंच बघत बसलो.

पहिलं आणि तिसरं त्यांना लगेच सापडलं. दुसऱ्याला त्या अडल्या. ‘बदल’ हा गोल त्यांनी बघितला आणि पुढे गेल्या. ‘मला वाटलं, नवीन डिझाइनं आलीत त्याचं असेल,’ त्या म्हणाल्या. नाव ‘परत-बदल’ केलं. आत पहिल्या चौकोनात स्पष्ट लिहिलं : ‘मापाने शिवलेलं परत घेत नाही. घट्ट-सैल असेल तर एकदा फुकट करून देतो.’ दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेला फोन दिला. तिचं बोट थेट तिथे गेलं.

परीक्षेत कोणी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त शोधलं तर त्या वाटीचं नाव किंवा जागा चुकली, असं समजा.

पुढची देखभाल

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शेवटचे तीस प्रश्न पुन्हा वहीत लिहा. वाटीत उत्तर असूनही तोच प्रश्न येत असेल तर चौकोन अस्पष्ट आहे. वाटीतच नसलेला प्रश्न तीनदा आला तर त्याला एक चौकोन द्या, आणि चौकोन सातांच्या वर गेले तर जुन्यातला एक काढा.

महिन्याने आम्ही मोजलं तेव्हा किमतीचे प्रश्न थांबले नव्हते, पण आता ते वेगळे होते. ‘ताई, प्राइस?’च्या जागी ‘750 मध्ये पॅड धरलेत का?’ असं लोक विचारत होते. पॅड शिलाईत येत नाहीत, हे दुसऱ्या चौकोनात लिहिलेलं होतं, पण लटकन आणि फॉल-पिको यांच्या रांगेत दडलेलं. वहिनींनी दराच्या चौकोनातच 750 च्या खाली एक ओळ वाढवली : ‘पॅडसह 850’. तो चौकोन आणि त्यामागचे दोन पुन्हा टाकले, जुने तीन काढले. दहा मिनिटांचं काम होतं.